अभिरूप ग्रामपंचायत: सहावीच्या वर्गात निर्णय खरोखर कसा घडवायचा

प्रश्न: "सहावीला नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात २८ मुलं आहेत. ग्रामपंचायतीच्या पाठाला अभिरूप सभा घेतली, पण सरपंच झालेल्या मुलाने सरळ हुकूम सोडले, बाकीचे 'हो हो' म्हणाले आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. मुलांना मजा आली, पण निर्णय कसा होतो हे कळलं असं वाटत नाही. ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतील. भूमिका कशा वाटू, विषयपत्रिका कशी ठेवू?"

ताई, दोष मुलांच्या अभिनयात नाही, त्यांच्यापुढे ठेवलेल्या विषयात आहे. बहुतेक वर्गांत सभेचा विषय 'गावातील समस्यांवर चर्चा' असा असतो. अशा विषयावर निर्णय होऊच शकत नाही. पाणी हवं, रस्ता हवा, दिवे हवेत, सगळंच हवं असतं आणि कुणाला काही सोडावं लागत नाही. जिथे काही सोडावं लागत नाही तिथे मुलं सिनेमातला सरपंच उभा करतात, कारण दुसरं करण्यासारखं त्यांच्या हाती काही नसतं. म्हणून मी पंचायतीसमोर एकच विषय ठेवतो, त्याला ठरावीक पैसे जोडतो आणि कामं मुद्दाम अशी निवडतो की सगळी त्या पैशांत बसू नयेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. शाळा लहान गावात असेल तर गावातला चालू वाद वर्गात घेऊ नका. कुणाचे वडील सदस्य असतात, कुणाच्या काकांनी निवडणुकीत पडती बाजू पाहिलेली असते, आणि मुलं घरची भांडणं घेऊन सभेत बसतात. गाव कल्पित ठेवा. शाळा शहरात असेल तर मुलांनी पंचायतीची नोटीस कधी पाहिलेली नसते, तेव्हा जवळच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या नोटिशीचा फोटो आधी दाखवा. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू असलेल्या क्षेत्रात येत असेल तर तिथे ग्रामसभेचे अधिकार बरेच मोठे आहेत, त्यामुळे खालची मांडणी थोडी बदलावी लागेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी वापरतो ते कल्पित गाव असं आहे. पंचायतीकडे वर्षाला ५ लाख रुपये आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१–२६) या निधीचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. मी तीच विभागणी घेतो आणि तीन खरी पाकिटं करतो. पाण्याच्या पाकिटात १,५०,०००, स्वच्छतेच्या पाकिटात १,५०,००० आणि मोकळ्या पाकिटात २,००,०००. कागदाच्या दहा-दहा हजारांच्या चिठ्ठ्या करून आत घातल्या की मुलांना पैसा हाताने मोजता येतो.

आता कामं. शाळेजवळच्या उघड्या गटाराची दुरुस्ती, खर्च १,४०,०००. वरच्या वाडीपर्यंत पाण्याची पाइपलाइन, खर्च २,२०,०००. मुख्य रस्त्यावर पथदिवे, ९०,०००. अंगणवाडीचं गळकं छप्पर, १,१०,०००. आकडे मी वर्गासाठी ठरवलेले आहेत. प्रत्यक्षात कामाचं अंदाजपत्रक अभियंता करतो, हे मुलांना एका वाक्यात सांगा. हिशेब मात्र तुम्ही स्वतः एकदा करून पाहा, कारण सगळी रंगत त्यातच आहे. गटार स्वच्छतेच्या पाकिटात सहज बसतं, त्यावर वाद नाही. पाइपलाइनला पाण्याच्या पाकिटातले दीड लाख पुरत नाहीत, ७०,००० मोकळ्या पाकिटातून घालावे लागतात. ते घातले की मोकळ्या पाकिटात १,३०,००० उरतात. मग दिवे किंवा छप्पर, दोन्हीपैकी एकच होतं. दिवे आणि छप्पर दोन्ही करायचे ठरवले तर बरोबर २,००,००० लागतात आणि वाडीची पाइपलाइन अडकते. सुटका नाही. मुलं पाच मिनिटं चिठ्ठ्या इकडून तिकडे हलवतात आणि मग एकमेकांकडे बघू लागतात. सभा खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

भूमिकांबद्दल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. थेट निवडून आलेला सरपंच धरून मी आठ जणांची पंचायत करतो, त्यात चार मुली. आठ हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, मतं समसमान पडण्याची शक्यता राहते म्हणून. जागा चिठ्ठ्या टाकून द्या. हुशार किंवा बोलक्या मुलाला सरपंच करण्याचा मोह आवरा, कारण तसा मुलगा सभा एकट्याने ओढून नेतो. एक ग्रामसेवक (हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि त्याच्या मदतीला एक लिपिक. ग्रामसेवक सभेचा सचिव असतो, तो नोंद करतो, नियम आणि आकडे सांगतो, पण मत देत नाही. उरलेली १८ मुलं ग्रामस्थ. त्यांचे चार गट करा: वरची वाडी, रस्त्याकडेचे दुकानदार, अंगणवाडीतल्या मुलांचे पालक आणि शाळेजवळ राहणारे.

प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं. कार्डावर माहिती लिहायची, मत लिहायचं नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'तुम्ही पाइपलाइनच्या बाजूने आहात' असं लिहिलं की मूल ते वाक्य पाठ म्हणून दाखवतं आणि समोरच्याचं काही ऐकत नाही. त्याऐवजी लिहा: 'तुमचा प्रभाग वरची वाडी. घरं ४०. मार्च ते जून टँकर येतो, आठवड्यातून दोनदा.' दुसऱ्या कार्डावर: 'तुमच्या प्रभागात अंगणवाडी आहे. पावसात मुलं देवळात बसतात.' तिसऱ्यावर: 'रस्त्यावर अंधार असतो. संध्याकाळच्या एसटीने येणाऱ्या मुली घोळक्याने घरी जातात.' एका सदस्याच्या कार्डावर मी हेही लिहितो: 'तुमच्या सख्ख्या भावाचं दिव्यांचं दुकान आहे.' एवढंच, पुढे काही नाही. पंचायतीच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवणारा सदस्य कायद्याने अपात्र ठरू शकतो. ही माहिती मी ग्रामसेवकाच्या कार्डावर ठेवतो. तो मुलगा आपणहून सांगतो का, कुणी विचारतं का, ते पाहू द्या. कुणीच बोललं नाही तर सभा थांबवू नका, चर्चा नंतर करा.

सरपंचाच्या कार्डावर गावाची माहिती नसते, फक्त कामकाजाची वाक्यं असतात. 'सभेला सुरुवात करूया.' 'यावर कुणाला बोलायचं आहे?' 'सूचक कोण? अनुमोदक कोण?' 'बाजूने हात वर करा.' 'विरोधात कोण?' आणि एक नियम: सरपंचाने स्वतःचं मत सर्वांत शेवटी सांगायचं. हुकूम देणारा सरपंच या एका नियमाने बराचसा थांबतो. मुलगी सरपंच असली की शेजारचा मुलगा तिच्या वतीने बोलू लागतो, हे जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसतं. खऱ्या गावांतही सरपंचबाईंचे पती किंवा दीर खुर्ची ओढून बसतात. तेव्हा ग्रामसेवकाने एवढंच विचारायचं, 'आपण सदस्य आहात का?' सदस्याच्या जागी दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही, हे मुलांना त्या एका प्रश्नातून कळतं.

आता विषयपत्रिका. ती फळ्यावर ऐनवेळी लिहू नका, नोटीस म्हणून आधी लावा. मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. सोमवारी लावली तर सभा शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत मुलं डबा खाताना एकमेकांना गाठतात, 'तू आमच्या बाजूने ये, आम्ही पुढच्या वेळी तुझ्या' असं चालतं. ते थांबवू नका, गावातही सभेआधी हेच होतं. नोटीस अशी असू द्या:

विषय १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
विषय २. जमाखर्च वाचून मंजुरी देणे.
विषय ३. उपलब्ध ५,००,००० रुपयांतून यंदा घ्यावयाच्या कामांची निवड करून मंजुरी देणे.
विषय ४. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.

तिसऱ्या विषयाची शब्दरचना पाहा. 'विकासकामांवर चर्चा करणे' असं लिहिलं असतं तर सभा चर्चा करून घरी गेली असती आणि नियमाला धरूनच गेली असती. 'निवड करून मंजुरी देणे' म्हटल्यावर सभेला निवड करावीच लागते. मुलांना दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी दाखवा आणि विचारा की कोणत्या सभेनंतर गवंड्याला काम सुरू करता येईल.

पहिली तासिका ग्रामसभेची. पंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि ग्रामसभा म्हणजे गावचे सगळे मतदार, हा फरक पाठात एका ओळीत येतो आणि परीक्षेनंतर पुसला जातो. इथे तो जागेने दाखवता येतो. पहिल्या दिवशी सगळी २८ मुलं गोलात बसतात. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणून १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते लागतात. तुमच्या वर्गात अर्थातच अडचण येणार नाही. चारही गट आपापलं गाऱ्हाणं मांडतात, प्रत्येकाला तीन मिनिटं. मग ग्रामसभा चार कामांचा प्राधान्यक्रम ठरवते. पैशांचा हिशेब त्या दिवशी उघडू नका. गावाला काय हवं ते गाव सांगतं, आणि पैसे कमी पडल्यावर काय आधी हा अवघड भाग पंचायतीच्या वाट्याला येतो. प्रत्यक्षातही गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे मंजूर होतो आणि पंचायत त्यातली कामं घेते. आराखड्यात नसलेलं काम सदस्यांनी मनात आलं म्हणून घ्यायचं नसतं.

दुसरी तासिका मासिक सभेची. आठ सदस्य आणि ग्रामसेवक मध्ये, बाकीचे भोवती. भोवतालच्या प्रत्येक मुलाला एकेक सदस्य नेमून द्या. आपला सदस्य काय म्हणाला आणि त्याने कारण काय दिलं, एवढंच त्याने लिहायचं. ग्रामसेवक आधी हजेरी मोजतो. निम्मे सदस्य नसतील तर गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. पहिले दोन विषय पाच मिनिटांत होतात. तिसऱ्याला वीस मिनिटं ठेवा.

इथे काय होतं ते एका वर्गातल्या सभेवरून सांगतो. ग्रामसभेने पाइपलाइन पहिली, छप्पर दुसरं ठरवलं होतं. वाडीच्या सदस्याने सूचना मांडली: गटार, पाइपलाइन आणि छप्पर. दिवे पुढच्या वर्षी. अनुमोदन मिळालं. मग रस्त्याकडच्या प्रभागातली सदस्य म्हणाली की सगळ्यांना थोडं थोडं द्या, पाइपलाइन निम्मी करा. ही 'थोडं थोडं सगळ्यांना' सूचना जवळजवळ नेहमी येते आणि ती योग्य प्रश्नावर नेते. मी ग्रामसेवकाच्या कार्डावर आधीच लिहून ठेवतो: 'पाइपलाइन वाडीपर्यंत पोचली नाही तर पाणी मिळत नाही.' त्याने ते वाचून दाखवलं. तरी ती सदस्य हटली नाही. तिने मूळ सूचनेला दुरुस्ती मांडली: पाइपलाइनचा पहिला टप्पा यंदा दीड लाखात, उरलेला पुढच्या वर्षी, आणि मोकळ्या पैशातून दिवे व छप्पर दोन्ही. हिशेब बरोबर जुळतो! मुलांनी स्वतः शोधलेला हा तिसरा मार्ग आहे आणि खऱ्या पंचायतीही टप्प्याटप्प्याने कामं घेतात. मी तो अडवत नाही. फक्त ग्रामसेवकाने दोन गोष्टी सभेला सांगायच्या: या उन्हाळ्यात वाडीला टँकरच येणार, आणि पुढच्या वर्षीचे पैसे अजून हाती आलेले नाहीत.

दुरुस्ती आली की मतदानाचा क्रम महत्त्वाचा होतो. आधी दुरुस्तीवर मत घ्यायचं, ती पडली तर मूळ सूचनेवर. मुलं हमखास दोन्हींवर एकदम हात वर करतात आणि मोजणी कोलमडते. त्या वर्गात दुरुस्तीच्या बाजूने चार हात, विरोधात चार. समसमान मतं पडली की सभेच्या अध्यक्षाला निर्णायक मत देता येतं. सरपंच झालेली मुलगी गप्प बसली, मग म्हणाली, 'वाडीची लोकं दोन वर्षं थांबणार, दिवे एक वर्ष थांबू शकतात,' आणि तिने दुरुस्तीच्या विरोधात मत दिलं. मग मूळ सूचना पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाली. एक सदस्य बाजू बदलून आला होता. त्याला कुणी विचारलं नाही, पण त्याच्यावर नेमलेल्या मुलीने वहीत लिहिलं होतं: 'दुरुस्ती हरली म्हणून उरलेल्यातलं बरं ते निवडलं.' मला अख्ख्या पाठात याहून अधिक काही शिकवायचं नव्हतं.

सरपंचाकडे हुकुमाची सत्ता नाही, एक मत आहे, आणि बरोबरी झाली तरच आणखी एक. हे वाक्य व्याख्यानात सांगितलं तर मुलं लिहून घेतात. सभेत ते घडलं तर लक्षात ठेवतात.

निर्णय झाला म्हणजे टाळ्या वाजल्या असं नाही, ठराव लिहिला गेला असा त्याचा अर्थ. लिपिकाच्या मदतीने ग्रामसेवकाने तिथल्या तिथे असं लिहायचं: 'ठराव क्र. ३. शाळेजवळील गटार दुरुस्ती १,४०,००० रुपये, वरची वाडी पाइपलाइन २,२०,००० रुपये व अंगणवाडी छप्पर दुरुस्ती १,१०,००० रुपये या कामांना मंजुरी देण्यात येत आहे. सूचक अमुक, अनुमोदक अमुक. बाजूने ५, विरोधात ३. ठराव बहुमताने मंजूर.' तो मोठ्याने वाचायचा. इथे एका सवयीवर नजर ठेवा. मुलं सगळ्या ठरावांखाली 'सर्वानुमते' लिहितात, कारण शब्द भारदस्त वाटतो. मोठ्यांच्या नोंदवह्यांतही तो चर्चा न होता उमटतो. माझ्या वर्गात नियम असा की सरपंचाने 'विरोध आहे का?' विचारून मनात दहापर्यंत मोजल्याशिवाय तो शब्द लिहायचा नाही. त्या दहा आकड्यांत बऱ्याचदा एखादा हात वर येतो.

चौथ्या विषयासाठी एका सदस्याला गुप्त कार्ड द्या: 'आयत्या वेळी मांडा: शाळेचं मैदान लग्नकार्यांना भाड्याने द्यावं.' विषय गोड आहे, पैसे मिळणार आहेत, आणि तास संपत आलेला असतो. बऱ्याच वर्गांत तो अर्ध्या मिनिटात मंजूर होतो. झाला तर होऊ द्या. मग ग्रामस्थांना विचारा: ही गोष्ट नोटिशीत होती का? ज्या मुलांचा खेळ बंद होणार त्यांना आज इथे यायचं कळलं असतं का? तीन दिवस आधी नोटीस का, याचं उत्तर मुलं इथे स्वतः देतात, आणि बहुधा रागावून देतात.

पेसा क्षेत्रातल्या शाळांसाठी, किंवा एखादी जादा तासिका मिळाली तर, हाच विषय मतदानाशिवाय घ्या. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथलीच घोषणा. तिथे बहुमताने विषय निकालात काढत नाहीत, सगळे तयार होईपर्यंत बोलणं चालू राहतं. वर्गात ही पद्धत घेतली तर तुम्हाला दिसेल की वेळ दुप्पट लागतो आणि गप्प मुलांना बोलावंच लागतं, कारण एकाचा नकारही निर्णय थांबवतो. उलट बाजूही दिसते: शेवटचा अडलेला मुलगा पटलं म्हणून हो म्हणतोय की सगळे त्याच्याकडे बघताहेत म्हणून, हे ओळखणं कठीण जातं. दोन्ही सभा झाल्यावर मुलांना विचारा की वरच्या वाडीत राहत असतात तर त्यांना कोणती पद्धत हवी होती. वाडीची घरं ४० आहेत हे लक्षात असलेली मुलं फार विचार करून उत्तर देतात.

मूल्यमापनासाठी भाषणकला किंवा अभिनय पाहू नका. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न लिहायला द्या. कोणतं काम मागे पडलं आणि कुणाचं नुकसान झालं? त्याच्या बाजूचं सगळ्यात चांगलं कारण कोणतं होतं? ठराव बदलायचा असेल तर आता काय करावं लागेल? दुसऱ्या प्रश्नाला ज्याने आपल्या विरोधातल्या बाजूचं कारण नीट लिहिलं त्याला पाठ कळला असं मी समजतो. तिसऱ्याला 'सरपंचाला सांगू' असं उत्तर आलं तर त्या मुलाबरोबर विषयपत्रिकेचा भाग पुन्हा घ्यावा लागेल. 'पुढच्या सभेच्या नोटिशीत विषय घालायला लावू' असं लिहिणारी मुलंही निघतात.

आणि वही जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं काढून पहिला विषय तेवढा घ्या, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवकाने लिहिलेलं वाचून दाखवलं की कुणीतरी उठतं: 'मी असं बोललोच नव्हतो.' मग भोवती बसलेल्यांच्या वह्या उघडून पाहायच्या आणि दुरुस्ती करूनच सही घ्यायची.